शंभर पाने आणि कोरडा शिधा

तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान तिरुक्करुगावूर हे लहानसे गाव आहे. तेथील गर्भरक्षांबिकेच्या देवळातून सुखप्रसूतीसाठी एरंडेल प्रसाद म्हणून देतात. अशा गावी एका तंजावरी मराठी स्नेह्यांकडे सुनेचे डोहाळजेवण निघाले. पाने शंभर. आचारी सांगावा, की मावश्या-काकूंनीच रांधावे, यावरून घरात दोन पक्ष पडले. यजमानांच्या वृद्ध आत्याबाईंनी निक्षून सांगितले, "परक्या हातचे अन्न या घरात पानावर पडलेले नाही."

घरापुरते ते खरे असेल. तंजावरच्या मराठी राज्यापुरते मात्र नव्हे. 1801 साली दुसऱ्या सरफोजीराजांनी इंग्रजांना पत्र लिहून आपली अन्नछत्रे राखण्याची विनंती केली. त्यात छत्रांची रीत सांगितली आहे. येईल त्याला शिजवलेला भात मिळे; मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला आहे काय, हे पाहत; वाटेत अडलेल्या गर्भवतीचीही तेथे देखभाल होई. आणि ज्यांना तयार अन्न चालत नसे, त्यांना कोरडा शिधा देत. आत्याबाईंची अडचण दरबाराला ठाऊक होती. तिच्यासाठी छत्राची चूल मात्र थांबत नव्हती.

आता शंभर पानांचा हिशेब पाहू. तांदूळ सुमारे बारा किलो, सांबाराला तूरडाळ तीन किलो. घरातल्या मोठ्यात मोठ्या पातेल्यात तीन किलो तांदूळ शिजतात. म्हणजे भाताच्या चार खेपा, आणि चौथी उतरेपर्यंत पहिली गार. एकदमच मोठ्या भांड्यात चढवावा, तर सवय नसलेल्या हाताने तळ करपतो आणि वर कण राहते. मधले शीत बोटाने चेपून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. सांबाराची फसगत निराळी. दहा माणसांचे पाणी दहापट केले की ते पातळ होते, कारण मोठ्या भांड्यात त्या मानाने पाणी कमी आटते. घाईत चिंच आधी पडली, तर डाळ शिजतच नाही. आचाऱ्याला आपण पैसे देतो ते या अंदाजाचे, चवीचे नव्हे. चव तर काकूंचीच सरस!

अखेर कामाची वाटणी झाली. भात, सांबार आणि रसम आचाऱ्याकडे. आधी करून टिकतील त्या करंज्या व लाडू घरच्या बायकांकडे. त्या दोन दिवस आधीच निवांतपणे झाल्या. कोशिंबिरीही घरच्याच, पण मीठ व दही प्रत्येक पंगतीच्या वेळी, नाहीतर पाणी सुटते. सर्व स्वयंपाक घरी असता, तर याच बायका चौथ्या पंगतीनंतर उरलेसुरले जेवल्या असत्या. त्या दुसऱ्या पंगतीला गर्भवतीच्या शेजारी बसल्या.

आत्याबाई बसल्या नाहीत. त्यांनी यजमानांकडे शिधा मागितला. त्यांनीही काही न बोलता सुपात तांदूळ, डाळ, मीठ, मिरची काढून दिली. मागल्या पडवीत त्यांचा वरणभात झाला, तेव्हा तिसरी पंगत उठत होती.