निवेदनाखालचे संगीत आणि वाक्याचा शेवटचा शब्द

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकारही बहुतेक तिथेच असतो. ‘हा किल्ला मुघलांना कधीच जिंकता आला’ इथपर्यंत ऐकणाऱ्याला अर्थ कळलेला नसतो. पुढच्या ‘नाही’वर सगळे ठरते. नेमका तोच शब्द निवेदक श्वास संपत आल्यावर, खालच्या आवाजात उच्चारतो. पार्श्वसंगीत आपोआप खाली-वर करणाऱ्या यंत्रणेची खरी परीक्षा वाक्याच्या मध्यावर होत नाही, ती या शेवटच्या शब्दावर होते.

या यंत्रणेला डकिंग म्हणतात. तिची रूढ पद्धत साइडचेन कॉम्प्रेसरची आहे. कॉम्प्रेसर संगीतावर बसवलेला असतो, पण तो कान देतो निवेदनाकडे. निवेदनाची पातळी ठरावीक उंबरठ्याच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेली की संगीत दाबले जाते. किती दाबायचे हे रेशो ठरवतो. ४ या रेशोवर उंबरठ्याच्या वर गेलेल्या प्रत्येक ४ डेसिबलमागे संगीत ३ डेसिबलने उतरते.

किल्ल्यावरच्या एका निवेदनाचा हिशेब मांडू. वाक्याच्या भरात आवाज सरासरी उणे २० डेसिबलवर आहे, मोकळे संगीत उणे २६ वर आणि थ्रेशोल्ड उणे ३० वर. आवाज उंबरठ्याच्या १० डेसिबल वर असल्यामुळे संगीत साडेसातने उतरून उणे ३३.५ वर जाते. दोघांत साडेतेरा डेसिबलचे अंतर पडते आणि शब्द नीट कळतात. आता ‘नाही’ उणे २८ वर आला. उंबरठ्याच्या वर तो फक्त २ डेसिबल आहे, म्हणून संगीत दीडच डेसिबल दबते आणि उणे २७.५ वर येते. आवाज आणि संगीत जवळपास एका पातळीवर आले. आवाज पडला तेव्हाच संगीत चढले, म्हणून नुकसान दुहेरी झाले.

प्रत्यक्षात ही चढण एका क्षणात होत नाही. रिलीजचा काळ तिला लांबवतो. तो पाव सेकंद ठेवला तर संगीत ‘नाही’ संपायच्या आतच बरेच वर येते. आठशे मिलिसेकंद ते एक सेकंद ठेवला तर शेवटचा शब्द बहुधा वाचतो. थ्रेशोल्ड खाली आणल्याने संगीत जास्त दबते, पण आवाजाच्या चढउतारांप्रमाणे त्याचे हेलकावे चालूच राहतात. कॉम्प्रेसरला ऐकवायची निवेदनाची प्रत आधी वेगळी करून तिची पातळी सपाट करून घेतली, तर हा दोष बराच कमी होतो. श्रोत्यापर्यंत जाणाऱ्या मूळ आवाजाला मात्र हात लावायचा नाही.

माझ्या मते ध्वनिमुद्रित निवेदनासाठी ठरावीक खोलीचे डकिंग अधिक विश्वासाचे. ऑडॅसिटीतील Auto Duck हेच करते. संगीताच्या ट्रॅकच्या लगेच खाली निवेदनाचा ट्रॅक ठेवायचा, संगीत निवडायचे आणि Duck amount उणे १४ द्यायचे. आवाज उंबरठ्याच्या वर आहे तोवर संगीत उणे ४० वरच राहते. वाक्याच्या भरात २० डेसिबलचे अंतर मिळते आणि ‘नाही’वरही १२ डेसिबल उरतात. वेबवरचा मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या सर्वोच्च स्तरावर बोलण्याखालचा आवाज किमान २० डेसिबल खाली असावा असे म्हटले आहे. ऐकण्यात अडचण असलेल्यांसाठी हे अंतर मोलाचे आहे.

Threshold ठरवताना निवेदनाचा सर्वांत हळू शब्द आणि खोलीतला पंख्याचा आवाज, दोन्ही मोजावेत. शब्द उणे ३४ वर आणि पंखा उणे ५० वर असेल तर उणे ४२ योग्य. त्याहून खूप खाली गेले तर पंख्याच्या आवाजानेच संगीत कायमचे दबून राहते. Maximum pause दीड सेकंद ठेवले की श्वासापुरत्या विरामात संगीत उसळत नाही, परिच्छेद संपल्यावरच परतते. शिवाय पूर्ण ट्रॅक समोर असल्याने संगीत पहिल्या अक्षराच्या अर्धा सेकंद आधीपासून उतरू लागते. साधा कॉम्प्रेसर शब्द ऐकल्यावरच हलतो, त्यामुळे पहिले व्यंजन संगीताखाली जाऊ शकते.

निकाल तपासायला निवेदन बंद करून फक्त दबवलेले संगीत ऐकावे. त्यात वाक्यांची लय ओळखू आली, प्रत्येक विरामाला बासरी फुगताना ऐकू आली, तर रिलीज किंवा विरामाची मर्यादा कमी पडते आहे. मग दोन्ही एकत्र, मोबाइलच्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून फक्त वाक्यांचे शेवट ऐकावेत. संहिता माहीत नसलेल्या माणसाला प्रत्येक वाक्यातले क्रियापद लिहायला सांगावे. निवेदकाला किंवा संपादकाला नको, कारण त्यांना न ऐकू आलेला शब्दही आठवणीतून ऐकू येतो. संगीतात गायलेले शब्द असतील तर मात्र यातल्या कोणत्याही आकड्याचा फारसा उपयोग नाही. खाली गेलेले गाणेही कान शब्द म्हणूनच ऐकतो, तिथे वाद्यांचा तुकडाच निवडावा.