त्रुटिमर्यादा : केवलमूल्याच्या असमानतेतून वाचन

नमुना-पाहणीच्या टक्केवारीपुढे ‘±३’ अशी जी पुस्ती असते, तिला त्रुटिमर्यादा म्हणतात. एखाद्या उमेदवाराला ४६ टक्के मते मिळतील आणि त्रुटिमर्यादा ३ आहे, असे पाहणी सांगते, तेव्हा तिचे म्हणणे |क्ष − ४६| ≤ ३ असे लिहिता येते. क्ष म्हणजे सर्व मतदारांमधली खरी टक्केवारी, जी कोणालाच ठाऊक नसते. केवलमूल्य हे संख्यारेषेवरचे अंतर असल्याने क्ष ४६ च्या डावीकडे वा उजवीकडे ३ घरांच्या आत असतो : ४३ ≤ क्ष ≤ ४९. हे ३ म्हणजे ४६ चे ३ टक्के (१.३८) नव्हेत, टक्केवारीच्याच मापपट्टीवरची ती ३ घरे आहेत.

ही मर्यादा नमुन्याच्या आकारातून येते. यदृच्छ निवडलेल्या न मतदारांसाठी, टक्केवारी ५० च्या आसपास असल्यास, ती साधारण ९८ भागिले √न इतकी भरते. १०६७ जणांना विचारले तर ३. त्यांपैकी चौसाळा या एका गावचे ४० जण वेगळे काढून गावाचा कौल मांडला, तर तीच १५.५ होते. गावाचे ५० टक्के तेव्हा ३४.५ ते ६५.५ यांतले काहीही असू शकतात. अशा तुकड्यांवर मथळे बेतणारे बातमीदार √न विसरलेले असतात.

खरी गफलत दोन उमेदवारांच्या तुलनेत होते. चौसाळा ज्यात येते त्या बीड लोकसभा मतदारसंघात २०२४ साली बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. सुमारे पंधरा लाख मतांत हे अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. समजा, अशा लढतीत १०६७ जणांच्या एखाद्या पाहणीने ४६ आणि ४३ असे आकडे दिले असते. आघाडी ३, त्रुटिमर्यादाही ३, म्हणून पहिला निश्चित पुढे, असे वाटते. पण ३ ची मर्यादा एका टक्केवारीची आहे. एकाची टक्केवारी नमुन्यात योगायोगाने वाढली, की दुसऱ्याची बहुधा घटते. त्यामुळे फरकाची मर्यादा जवळजवळ दुप्पट, ५.७ होते. आघाडी ‘फ’ मानल्यास |फ − ३| ≤ ५.७, म्हणजे −२.७ ≤ फ ≤ ८.७. या पट्ट्यात शून्य सापडते, तेव्हा दुसराही पुढे असू शकतो. बीडएवढा निसटता फरक ओळखायला दीड लाखाहून अधिक मतदारांना विचारावे लागले असते.

असमानता सत्य असल्याची हमीही पक्की नसते. प्रचलित ९५ टक्के विश्वासपातळीला अशा शंभर पाहण्या घेतल्या, तर साधारण पाच पाहण्यांत क्ष पट्ट्याबाहेर राहतो. शिवाय ± मध्ये फक्त नमुन्याचा योगायोग मोजलेला असतो. ऊसतोडीला गेलेली घरे निवडीतून सुटली किंवा लोकांनी मनातले सांगितले नाही, तर ४६ हा मध्यबिंदूच सरकलेला असतो. मोजक्या गावांतूनच मतदार घेतले, तर एका गावचे लोक बरेचदा एकाच बाजूला झुकलेले असल्याने ३ हा आकडाही तोकडा पडतो.