वापर-तापमानमर्यादा (रंग व चिकटद्रव्ये)

रंगाच्या किंवा चिकटद्रव्याच्या डब्यावर ते लावण्याजोगे किमान आणि कमाल तापमान छापलेले असते. बाहेरच्या भिंतींच्या पाण्यातल्या रंगांवर (इमल्शन) खालची मर्यादा बहुधा 5 किंवा 10 अंश सेल्सिअस आणि वरची 35 किंवा 40 अंश दिसते. नेमका आकडा उत्पादनानुसार बदलतो. तो हवेबरोबरच भिंतीला, लाकडाला आणि डब्यातल्या रंगालाही लागू असतो. हवामान खाते तापमान सावलीत मोजते. अकोल्यात मे महिन्यात पारा 43 अंशांवर असेल, तर उन्हात तापलेली भिंत त्याहून बरीच गरम असते.

इमल्शनमध्ये चिवट पदार्थाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडत जाते तसे ते जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. या जुळणीला वेळ लागतो. तापलेल्या भिंतीवर तो मिळत नाही. थोडे पाणी गिलावा शोषतो, थोडे ऊन उडवते. रोलर ओढायला जड जातो, मागचा पट्टा वाळल्यावर पुढचा त्याला भिडतो आणि जोड कायमचा दिसत राहतो. वरचा थर आधी आवळला, तर खाली अडकलेल्या ओलाव्याने फुगे येतात. अशा वेळी रंग सरकावा म्हणून पेंटर डब्यावर सांगितल्यापेक्षा जास्त पाणी घालतो. काम तेवढ्यापुरते सोपे होते, पण थर आणखी पातळ पडतो आणि लवकर वाळतो. ही सवयही नुकसान करते.

वऱ्हाडात लग्नाआधी घर रंगवायचे म्हणजे काम एप्रिल-मे महिन्यांत येते. पश्चिमेची भिंत दुपारपर्यंत सावलीत असते, म्हणून ती उजाडल्याबरोबर घ्यावी. 35 अंशांची मर्यादा असेल, तर साधारण नऊ वाजेपर्यंतच वेळ मिळतो. 40 असेल तर आणखी तास-दीड तास. पूर्वेची भिंत खरी अडचणीची. सकाळी तिच्यावर ऊन असते आणि दुपारी सावली आली तरी हवाच मर्यादेपलीकडे गेलेली असते. मे महिन्यात तिच्या वाट्याला सूर्य वर येण्यापूर्वीचा थोडा वेळ तेवढा राहतो. परांचीला हिरवी जाळी बांधून सावली केली तर तो थोडा वाढतो. शक्य असल्यास ही भिंत दसरा-दिवाळीपर्यंत थांबवणे बरे. कोणतीही भिंत घेतली तरी रोलर मध्येच थांबवू नये, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात जावे.

बिघाड ओळखणे सोपे आहे. तिरप्या उजेडात पाहिले की जोडांचे पट्टे उमटून दिसतात. रंग पूर्ण वाळल्यावर भिंतीवर ओले काळे फडके घासावे. त्याला भुकटी लागली तर कण नीट जुळलेले नाहीत. चिकटपट्टी दाबून ओढल्यावर रंग तिच्यासोबत निघाला, तर दुसरा हात मारण्यात अर्थ नाही. दुसरा थर वाळताना आकसतो आणि खालच्या कच्च्या थराला सोबत ओढतो. सुटलेला भाग खरवडून, घासून, प्रायमर देऊनच पुन्हा रंगवावे लागते.

खालची मर्यादा मैदानी वऱ्हाडात क्वचितच आडवी येते, पण अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळ्यात संध्याकाळी रंग लावला, तर त्या घडीचे तापमान चालण्याजोगे असले तरी वाळण्याचा काळ थंडीत आणि दवात जातो. गार कण कडकच राहतात. पाणी उडते, पण पापुद्रा धरत नाही. सुतारांच्या पांढऱ्या गोंदाचेही तसेच होते. नीट वाळलेला गोंद पारदर्शक दिसतो, थंडीत वाळलेला खडूसारखा पांढरा राहतो. असा सांधा उघडला तर लाकडाचे तंतू न फाटता दोन्ही फळ्या स्वच्छ सुटतात. नंतर ऊब देऊन तो सुधारत नाही. खोली, लाकूड आणि गोंद तिन्ही आधी उबदार असावे लागतात.

सनमायका चिकटवण्याच्या द्रावकयुक्त चिकटद्रव्याला उन्हाळ्यात वेगळाच धोका असतो. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासे झाले की दाबायचे असते. उकाड्यात ही वेळ लवकर निघून जाते आणि पत्रा कडेला सुटतो. म्हणून कारागीर कूलरच्या झोतात काम करतात. पण कूलरची हवा दमट असते. खोली 30 अंशांवर आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर सुमारे 24 अंशांवर दव धरते. द्रावक उडताना थर स्वतः गार होतो. तो तिथवर उतरला की त्यावर बारीक ओल जमते, पृष्ठभाग दुधाळ होतो आणि पकड धरत नाही. दुधाळपणा दिसला तर दाबू नये, ओल जाऊ द्यावी आणि पुन्हा हात द्यावा. हे काम कूलर बंद ठेवून, दारे-खिडक्या उघडून सकाळी करावे. द्रावकाची वाफ पेट घेते, म्हणून त्या खोलीत विडी किंवा शेगडी पेटवू नये.