श्वेतद्रव्यातील एफ.ए. : एका मापाचा इतिहास आणि रुग्णाभ्यासांतील त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

मेंदूतील श्वेतद्रव्य म्हणजे दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या चेतातंतूंचे जुडगे. जिवंत माणसाच्या मेंदूतील हे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाहीत. म्हणून गेल्या तीन दशकांत त्यांची अवस्था जाणण्यासाठी एम.आर.आय.वर आधारलेल्या विसरण-प्रतिमांकनाचा आधार घेण्यात आला, आणि त्यातही ‘फ्रॅक्शनल अ‍ॅनायसोट्रॉपी’ म्हणजे आंशिक विषमदिकता या एका अंकाचा. पुढे या अंकाचा उल्लेख रूढ असलेल्या ‘एफ.ए.’ या संक्षेपाने केला आहे. हा अंक शून्य आणि एक यांच्या दरम्यान असतो. रुग्णांमध्ये तो कमी आढळला की ‘श्वेतद्रव्याची अखंडता ढासळली आहे’ असा निष्कर्ष काढण्याची प्रथा पडली. परंतु या मापाचा उगम पाहिला असता ते मुळात वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून निर्माण झाले होते, असे दिसून येते.

मापाचा उगम

ऊतीतील पाण्याचे रेणू अविरत, यादृच्छिक हालचाल करीत असतात. १९६५ मध्ये स्टेजस्कल आणि टॅनर यांनी चुंबकीय क्षेत्राच्या उताराचे दोन स्पंद देऊन ही हालचाल मोजण्याची पद्धत मांडली. दोन स्पंदांच्या दरम्यान रेणू जागेवरून जितके दूर सरकतील तितका संकेत क्षीण होतो. १९८०च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समध्ये दनी ल बिहाँ यांनी हे तत्त्व मानवी मेंदूच्या प्रतिमांकनात आणले. मोजणीच्या काळात, म्हणजे सुमारे पन्नास सहस्रांश सेकंदांत, मेंदूतील पाण्याचा रेणू सरासरी आठ-दहा मायक्रोमीटर सरकतो. पेशींच्या रचनेचे मान साधारण तेवढेच असल्यामुळे वाटेतील अडथळ्यांचा ठसा या संकेतावर उमटतो.

१९९० मध्ये मायकेल मोझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांतून श्वेतद्रव्याचा एक विशेष स्पष्ट झाला. तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकते, आडव्या दिशेने मात्र ते अडते. या निरीक्षणातून एक व्यावहारिक अडचणही उद्भवली. एका ठरावीक दिशेने मोजलेले विसरण डोके यंत्रात कसे ठेवले आहे यावर अवलंबून राहू लागले. तोच तंतुमार्ग डोके किंचित कलते झाल्यास निराळा अंक देई, आणि त्यामुळे दोन व्यक्तींची तुलना अशक्य होई.

ही अडचण १९९४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी सोडवली. किमान सहा दिशांनी विसरण मोजून, विसरणभारित नसलेल्या एका प्रतिमेच्या जोडीने, प्रत्येक व्हॉक्सेलसाठी एक टेन्सर काढता येतो. व्हॉक्सेल म्हणजे प्रतिमेतील सर्वांत लहान घन, ज्याची बाजू सामान्यतः दोन मिलिमीटरच्या आसपास असते. टेन्सरची कल्पना एका लंबगोलाप्रमाणे करता येते. त्याचे तीन अक्ष म्हणजे परस्परांना लंब असलेल्या तीन दिशांतील विसरणाचा वेग. १९९६ मध्ये बॅसर आणि कार्लो पिअरपाओली यांनी या तीन अक्षांतील असमानता एकाच अंकात व्यक्त केली. तो अंक म्हणजे एफ.ए. डोके कसेही ठेवले तरी तो बदलत नाही, हा त्याचा मूळ गुण होय. तंतूंचे आरोग्य मोजण्याचा दावा या व्याख्येत कोठेही नव्हता.

अंक काय सांगतो

एका दिशेने नीट रचलेल्या तंतूंच्या व्हॉक्सेलमध्ये तीन अक्षांची मूल्ये अनुक्रमे १.७, ०.३ आणि ०.३ (चौरस मायक्रोमीटर प्रति सहस्रांश सेकंद) मानली, तर एफ.ए. सुमारे ०.८० येतो. कॉर्पस कॅलोझमच्या मध्यभागी अशा पातळीची मूल्ये आढळतात. तिन्ही अक्ष समान असतील, तर एफ.ए. शून्य होतो. मेंदूच्या पोकळ्यांतील द्रवात तो शून्याच्या जवळ असतो.

ही विषमदिकता मायलिनच्या आवरणामुळे निर्माण होते, असा समज सुरुवातीस स्वाभाविक होता. १९९४ मध्ये ख्रिश्चन बोल्यू आणि पीटर अ‍ॅलन यांनी गार माशाच्या चेता तपासून तो दूर केला. या माशाच्या घ्राणचेतेला मायलिनचे आवरण नसते. तरीही तिच्यात पाण्याचे विसरण स्पष्टपणे विषमदिक आढळले. यावरून समांतर अक्षतंतूंची पटलेच विषमदिकतेला पुरेशी आहेत, आणि मायलिन तिच्यात भर घालते पण तिचे मूळ कारण नव्हे, हे सिद्ध झाले. एफ.ए.वर मायलिनप्रमाणेच तंतूंची दाटी, त्यांची जाडी, त्यांच्यातील समांतरता आणि पेशीबाह्य पाण्याचे प्रमाण या सर्वांचा परिणाम होतो. केवळ एफ.ए. उतरल्यावरून यांपैकी नेमके काय बदलले हे सांगता येत नाही.

रुग्णाभ्यासांकडे प्रवास

१९९०च्या दशकाच्या अखेरीस हे माप मनोविकारशास्त्रात आले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत विषमदिकता कमी असल्याचे १९९८ मध्ये बुक्सबॉम यांच्या आणि १९९९ मध्ये लिम यांच्या गटाने नोंदवले. मेंदूतील दुव्यांच्या बिघाडातून हा आजार उद्भवत असावा, हे गृहीतक आधीपासूनच प्रचलित होते. त्यामुळे हा अंक हाती येताच त्याला ‘दुव्यांची बळकटी’ असा अर्थ चिकटला. २००६ मध्ये स्टीफन स्मिथ यांच्या गटाने अनेक व्यक्तींच्या एफ.ए. प्रतिमा एका सामाईक सांगाड्यावर प्रक्षेपित करून तुलना करण्याची पद्धत उपलब्ध करून दिली, आणि अशा अभ्यासांचा ओघ सुरू झाला.

या परंपरेचे सर्वांत मोठे फलित २०१८ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय सहकार्याने प्रसिद्ध केले. त्यात स्किझोफ्रेनियाचे १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी व्यक्तींची तुलना होती. तपासलेल्या २५ भागांपैकी २० भागांत रुग्णांचा एफ.ए. सरासरीने कमी होता. म्हणजे फरक खरा आहे. मात्र सर्वाधिक फरकही प्रमाण विचलनाच्या ०.४२ पट एवढाच होता. एवढ्या फरकात दोन्ही गटांची मूल्ये फार मोठ्या प्रमाणात एकमेकांवर पसरलेली राहतात. त्यामुळे एका व्यक्तीचा एफ.ए. पाहून ती रुग्ण आहे की नाही हे ठरवता येत नाही.

तंतू एकमेकांना छेदतात तेथे

मापाची सर्वांत गंभीर मर्यादा पिअरपाओली यांनीच २००१ मध्ये दाखवून दिली. त्यांच्या गटाने अंतर्गत कॅप्सूलमध्ये लहानसा पक्षाघात झालेले रुग्ण तपासले. अशा आघातानंतर मेंदूच्या बाह्यकापासून पाठीच्या कण्याकडे उतरणारे कारक तंतू आघाताच्या खालच्या भागात हळूहळू नष्ट होतात. याला वॉलेरियन अपक्षय म्हणतात. म्हणजे नाश कोठे झाला आहे हे येथे आधीच ठाऊक होते. मध्यमेंदूच्या देठात, जेथे हे तंतू एकत्र व समांतर असतात, एफ.ए. अपेक्षेप्रमाणे घटला होता. पण त्याच मार्गावर थोडे खाली, पॉन्सच्या वरच्या भागात, जेथे आडवे तंतू त्यांना छेदून जातात, विषमदिकता जवळजवळ बदललेलीच नव्हती. तोच मार्ग, तोच नाश. अंक मात्र दोन ठिकाणी दोन प्रकारचा.

याचे कारण साध्या गणिताने स्पष्ट होते. वर घेतलेल्या मूल्यांचे दोन तंतुगट एकाच व्हॉक्सेलमध्ये काटकोनात आणि समप्रमाणात आहेत असे मानू. दोघांची सरासरी घेतल्यास अक्षांची मूल्ये १.०, १.० आणि ०.३ होतात, आणि एफ.ए. ०.८० वरून ०.४८ वर येतो. प्रत्येक तंतू निरोगी असूनही अंक खाली आला. आता एका गटातील निम्म्याहून अधिक तंतू नष्ट होऊन उरलेल्यांचे प्रमाण ७० : ३० झाले असे समजू. मूल्ये १.२८, ०.७२ आणि ०.३ होतात, आणि एफ.ए. ०.५७ पर्यंत चढतो. रोगामुळे येथे ‘अखंडता’ वाढलेली दिसते. हे गणित ढोबळ आहे. नष्ट तंतूंच्या जागी येणाऱ्या द्रवाचा विचार त्यात नाही. पण बदलाची दिशा त्यातून कळते.

हा केवळ कागदावरचा संभव नव्हे. २०११ मध्ये ग्वेनाएल दुओ यांच्या गटाला सौम्य बोधनिक ऱ्हासाच्या रुग्णांत सेंट्रम सेमिओव्हेल या भागात एफ.ए. वाढलेला आढळला. तेथे दोन मार्ग एकमेकांस छेदतात. त्यांपैकी सहयोगी तंतूंचा मार्ग झिजला आणि कारक मार्ग तुलनेने टिकून राहिला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. २०१३ मध्ये बेन यूरिसेन व सहकाऱ्यांनी श्वेतद्रव्याच्या ६३ ते ९० टक्के व्हॉक्सेलमध्ये एकाहून अधिक दिशांचे तंतू असल्याचा अंदाज वर्तवला. म्हणजे एकाच दिशेचे तंतू असलेला व्हॉक्सेल हा नियम नसून अपवाद ठरतो.

तंतूंशी संबंध नसलेली कारणे

काही वेळा अंक बदलण्यासाठी तंतूंना काहीही व्हावे लागत नाही. मेंदू आक्रसलेल्या वृद्धांत पोकळ्या रुंदावतात आणि त्यांच्या कडेच्या व्हॉक्सेलमध्ये द्रव मिसळतो. मुक्त पाण्याचे विसरण शरीराच्या तापमानाला सर्व दिशांनी सुमारे ३.० असते. ०.८० एफ.ए. असलेल्या व्हॉक्सेलमध्ये असे २० टक्के पाणी मिसळले, तर वरच्याच पद्धतीने एफ.ए. सुमारे ०.४९ होतो. फॉर्निक्ससारख्या द्रवाने वेढलेल्या बारीक मार्गात हा दोष विशेष जाणवतो.

दुसरे कारण म्हणजे डोक्याची हालचाल. आजारी व्यक्ती आणि लहान मुले यंत्रात स्थिर राहणे कठीण असते. २०१४ मध्ये दोन अभ्यासांनी याचे गांभीर्य दाखवले. येंडिकी यांच्या गटाने केवळ हालचालीतील तफावतीमुळे दोन गटांत खोटे फरक उद्भवतात हे दाखवले. कोल्डेविन यांच्या गटाने स्वमग्न आणि इतर मुलांच्या प्रतिमांची गुणवत्ता समान राखून तुलना केली असता, उजव्या बाजूचा एक मार्ग वगळता त्यांना फरक आढळला नाही. यापूर्वी मात्र स्वमग्नतेत श्वेतद्रव्याचा व्यापक बिघाड असल्याचे अनेक अभ्यासांतून मांडले गेले होते.

समारोप

२०१३ मध्ये डेरेक जोन्स, थॉमस क्नोशे आणि रॉबर्ट टर्नर यांनी ‘अखंडता’ हा शब्द एफ.ए.साठी वापरू नये असे स्पष्टपणे मांडले. त्यामागील तर्क वरील इतिहासात आहे. एफ.ए. हा पाण्याच्या हालचालीतील दिशाभेदाचा अंक आहे, आणि तंतूंविषयीचे विधान त्यावरून करावयाचे अनुमान आहे. हे अनुमान कितपत टिकते हे काही प्रश्नांनी तपासता येते. त्या जागी तंतू एकाच दिशेचे आहेत काय? तीन अक्षांची मूल्ये स्वतंत्रपणे दिली आहेत काय? मुक्त पाण्याचा वाटा वेगळा काढला आहे काय? दोन्ही गटांतील हालचाल मोजून समान राखली आहे काय? अनेक तीव्रतांवर मोजणी करून तंतूंची घनता आणि त्यांचे विखुरणे वेगळे करू पाहणारी २०१२ मधील नॉडीसारखी प्रारूपे पुढे आली. पण तीही आपापल्या गृहीतकांवर उभी आहेत. गट मोठे असतील आणि वरील काळजी घेतली असेल, तर एफ.ए.तील फरक ‘येथे काही बदलले आहे’ एवढे विश्वासाने सांगतो. काय बदलले, हे ठरविण्यासाठी दुसरा पुरावा लागतो.