डिझाइनचे निवेदन कसे तपासतात?

डिझाइनच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासोबत लेखी निवेदन द्यावे लागते. त्याचे गुण वस्तूच्या देखणेपणावर नव्हे, तर हेतूची स्पष्टता, संदर्भ आणि कारणमीमांसा यांवर ठरणे अपेक्षित असते.

समजा, प्रकल्प बसथांब्यावरील बाकाचा आहे. 'वृद्धांसाठी आरामदायी, आधुनिक आसन' या वाक्याला हेतूचे गुण जवळपास मिळत नाहीत, कारण ते कोणत्याही बाकाला लागू पडते. 'गुडघेदुखी असलेल्या वृद्धांना बस दिसताच कुणाच्या मदतीविना उठता यावे' असे लिहिले, की बाक कधी फसला हेही ठरवता येते. परीक्षक नेमके हेच पाहतो.

संदर्भात पदपथाची रुंदी, पाऊस, थांबण्याचा वेळ यांची नोंद हवी. मात्र ती निर्णयात उतरली नसेल तर निव्वळ भरताड.

खरी कसोटी कारणमीमांसेची. बैठक ४२ऐवजी ४८ सेंटिमीटर उंच घेतली, कारण उंच बैठकीवरून उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो, हे झाले अर्धे उत्तर. ५२ सेंटिमीटरची बैठक करून पाहिली, पण ठेंगण्या व्यक्तींचे पाय अधांतरी राहिले म्हणून ती सोडली, हे लिहिल्यास उत्तर पुरे होते. नाकारलेला पर्याय एकही नसेल, तर कारणे मागाहून जुळवल्याचा संशय येतो. तारखांसह रेखाटनवही पडताळली की तो मिटतो किंवा पक्का होतो.

स्पष्टता म्हणजे इंग्रजीची सफाई नव्हे. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याचे गुण व्याकरणापायी येथे कापले जाऊ नयेत.