मोट गेली, बोअर आली : पांढुर्णा-सौंसरच्या उथळ पाण्याचा इतिहास

गावाचा इतिहास आपण राजे, मालगुजार आणि जत्रा यांच्यातून सांगतो. जाम नदीकाठच्या गोटमारीवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. पण माझा पेशा इंजिनिअरचा, त्यामुळे मला एक वेगळाच प्रश्न पडतो. या गावानं पाणी किती खोलीवरून उपसलं आणि ती खोली केव्हा बदलली? पांढुर्णा आणि सौंसर वाढत असताना भूजल का खाली गेलं, याचं उत्तर मला पाणी उपसण्याच्या साधनांच्या इतिहासात दिसतं.

सुरुवात मोटेपासून करू. मोटेला बैल लागत आणि बैलांना उतरायला धाव लागे. विहीर जितकी खोल तितकी धाव लांब आणि फेऱ्या कमी. त्यामुळे माणूस वरच्या दहा-पंधरा मीटरांतल्या पाण्यावरच भागवी. विहीर आटली की उपसा आपोआप थांबे. पुढे विजेचा पंप आला, पण त्यालाही एक मर्यादा होती. वर ठेवलेला साधा पंप सहा-सात मीटरांपेक्षा जास्त खालून पाणी ओढू शकत नाही, म्हणून लोकांनी तो विहिरीत कठड्यावर उतरवला. तरी पाणी विहिरीचंच राहिलं.

खरा बदल खोदाईच्या यंत्रानं केला. 1966-67 च्या दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीनं कठीण खडकात हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं देशात आली. पुढच्या दोन-तीन दशकांत ती खासगी ट्रकांवर चढली आणि गल्लीगल्लीत पोचली. पाण्यात बुडवलेली मोटार मिळाल्यावर खोलीची मर्यादाच उरली नाही. आता विहीर आटली की लोक बोअर मारतात, आणि ती आटली की आणखी खोल मारतात.

पण आपल्या खडकाला हे मानवत नाही. पांढुर्ण्याकडे बहुतेक काळा दगड आहे, म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग चिरा पडलेला खडक आणि शेवटी घट्ट पाषाण. पाणी साठतं ते मुरुमात, चिरांत आणि दोन थरांच्या सांध्यात. सौंसरच्या बाजूला दगड वेगळा आणि फार जुना आहे. तिथे अभ्रकाचे पापुद्रे असलेला खडक, संगमरवर आणि मँगनीज सापडतं. भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकांच्या गटाला सौंसरचंच नाव दिलं आहे, आपल्या तालुक्याचं नाव असं पुस्तकात गेलं. पण दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. वरचा झिजलेला थर पाणी धरतो, खालचा घट्ट दगड फक्त फटींपुरतं धरतो.

आता हिशेब बघा. अशा खडकाच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के इतकंच पाणी उपसता येतं असं धरू. म्हणजे एक हेक्टर जागेत पातळी एक मीटर खाली गेली तर हाती आलेलं पाणी फक्त 200 घनमीटर, दोन लाख लिटर. त्या हेक्टरमध्ये तीस घरं असली आणि प्रत्येक घर रोज 500 लिटर वापरत असलं, तर दिवसाचा उपसा पंधरा हजार लिटर. आजूबाजूनं काही झिरपून आलं नाही, तर तेरा-चौदा दिवसांत एक मीटर गेला. गाव वाढलं की पातळी इतक्या वेगानं का पडते, ते यातून कळतं.

शिवाय गावाभोवती संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेला ताण देतात, मग फुलं-फळं धरली की उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं. म्हणजे गावाला पाणी सर्वात कमी असतं त्याच महिन्यांत शिवार त्याच खडकातून ओढतं. आणि वरून भरायचं तोंड आपण बंद केलं. अंगणात फरशी आली, गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, आणि घराचं पाणी नालीतून थेट जाममध्ये जायला लागलं.

नळ आल्यावर तिसरी गोष्ट घडली. घरच्या विहिरी दुर्लक्षित झाल्या. काही बुजवल्या, काहींत कचरा पडला. त्यामुळे वरच्या थराकडे कोणाचं लक्षच उरलं नाही. बोअरला वरच्या मऊ भागात केसिंग पाइप घालतात, त्यामुळे बोअर त्या थराला जवळजवळ ओलांडून जाते. मग मे महिन्यात वरचा थर किती खाली गेला हे कळणार कसं?

आता शोषखड्ड्याकडे येऊ. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाचा 900 मिलिमीटर पाऊस धरा. वीस टक्के वाया गेलं तरी 72 हजार लिटर पाणी मिळतं. वरच्या हिशेबानं ते एका हेक्टरची पातळी 36 सेंटिमीटरनं उचलू शकतं. एका तासात 40 मिलिमीटर पाऊस झाला तर याच छपरावरून 3200 लिटर येतं. दोन बाय दोन बाय दोन मीटरचा खड्डा दगड-वाळूनं भरला, तर पोकळी साधारण चाळीस टक्के उरते, म्हणजे नेमकं तितकंच पाणी मावतं. खाली मोठे दगड, मग बारीक खडी, वर जाडी वाळू. महत्त्वाचं हे की खड्डा काळी माती ओलांडून मुरुमात पोचला पाहिजे, कारण काळी माती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. आधी छोटा खड्डा खणून त्यात पाणी ओतायचं आणि पाणी किती तासांत उतरतं ते बघायचं. दिवसभर तसंच राहिलं, तर जागा बदलायची.

पुढे गाळ वाळूवर बसतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी खड्डा भरलेला दिसला, तर वरची वाळू खरवडून बदलायची. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं. बोअरमध्ये नालीचं पाणी कधीच सोडू नये. मुरूम जे गाळतो ते बोअर गाळत नाही, घाण थेट खालच्या फटींत जाते.

या उपायाची मर्यादाही सांगतो. चांगल्या पावसात ऑगस्टपर्यंत वरचा थर भरून जातो. त्यानंतर खड्ड्यात ओतलेलं पाणी बाजूनं झिरपून नाल्याला मिळतं. तीस घरांनी मिळून पातळी दहा मीटर वाढवली, असं कागदावर येईल, पण खडकात तेवढी जागाच नसते. शिवाय आठ मीटरांवर मुरवलेलं पाणी दीडशे मीटर खोल बोअरमध्ये येईलच असं नाही, कारण मधे घट्ट पाषाण असतो.

म्हणून माझं मत असं आहे की शोषखड्डा आणि जुनी विहीर यांची जोडी लावायची. खड्ड्यातलं पाणी ज्या थरात मुरतं त्याच थरातून ते पुन्हा उपसलं, तर पावसाळ्यात तिथं जागा राहते आणि पुढच्या सरीचं पाणी आत जातं. विहिरीच्या कडेला छपराचं पाणी गाळून सोडलं तर ती पुनर्भरण विहीरही होते. बोअर मग खरंच अडचणीच्या उन्हाळ्यासाठी राखता येते.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. नवी कार्यालयं, नव्या वस्त्या येतील आणि त्यांना पाणी लागेल. त्याआधी प्रत्येक वॉर्डातल्या उरलेल्या विहिरी मोजायला हव्यात. दरवर्षी मेअखेर आणि ऑक्टोबरअखेर दोरी सोडून पाण्याची खोली लिहून ठेवायची. ऑक्टोबरचा आकडा बहुधा ठीकच असेल. मेचा आकडा वर्षागणिक खाली जात असेल, तर उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे असं समजायचं. अशी वही दहा वर्षं राखली, तर पुढच्या माणसाला या गावाच्या पाण्याचा इतिहास अंदाजानं लिहावा लागणार नाही.