५३०० म्हणजे नेमके कुठले गाव?

माझ्या मावशीचे यजमान १९८० च्या आसपास जर्मनीला गेले होते. छपाईची यंत्रे जुळवण्याचे काम शिकायला कारखान्याने त्यांना आठ महिन्यांसाठी पाठवले होते. काका मितभाषी. परत आल्यावर ‘जर्मनीत होतो’ यापलीकडे ते फारसे बोलले नाहीत. ते गेले, पासपोर्ट घर बदलताना हरवला आणि उरला तो कृष्णधवल फोटोंचा एक लिफाफा. काही वर्षांपूर्वी मावसभावाने ठरवले, की ऐंशीला टेकलेल्या आईला वडील राहिले ते गाव दाखवून आणायचे. पण गाव कुठले?

एका फोटोत काका पाव वाहून नेणाऱ्या व्हॅनला टेकून उभे आहेत. व्हॅनच्या दारावर बेकरी या अर्थाचा जर्मन शब्द, रस्त्याचे नाव आणि ५३०० हा आकडा. त्यापुढचे गावाचे नाव नेमके काकांच्या खांद्याआड गेलेले. मावसभावाने आकडा शोधला आणि आनंदाने फोन केला, ‘अरे, बॉन! पश्चिम जर्मनीची राजधानी. तिकिटे काढतो.’ जुन्या पाकिटांवरची पोस्टाची चिन्हे जमवण्याचा मला नाद आहे, म्हणून म्हटले, जरा थांब.

चार आकडी पिन कोड अनेक देशांत आहेत. नुसत्या आकड्यांच्या संख्येवरून देश ठरत नाही, फक्त काही देश बाद होतात. इथे भाषा जर्मन होती, म्हणून यादी एकदम आखूड झाली. तरीही ५३०० या आकड्याची एक नव्हे, चार गावे निघाली. पश्चिम जर्मनीतले बॉन. पूर्व जर्मनीतले वायमार. ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळचे हालवांग. आणि स्वित्झर्लंडमधले तुर्गी.

हे कसे झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले आणि साठच्या दशकात दोघांनीही आपापले चार आकडी कोड आखले, एकमेकांशी मेळ न घालता. त्यामुळे पश्चिमेच्या राजधानीला आणि पूर्वेतल्या गटेच्या वायमारला एकच आकडा मिळाला. पत्र सीमेपलीकडे धाडताना लोक आकड्याआधी देशाची खूण लिहीत, पण गावातच फिरणाऱ्या पावाच्या व्हॅनवर ती कोण रंगवणार?

नावे सारखी असली की टपाल चुकते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. औरंगाबाद बिहारात आहे आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरचे जुने नावही तेच होते. असे घोळ टाळण्यासाठी आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड आला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, आणि संस्कृतचे कवीही. आपल्याकडे आकड्याने सारख्या नावांचा घोळ निस्तरला, जर्मनीत मात्र सारख्या आकड्यानेच घोळ घातला.

पुढे ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि एका देशात दोन ५३०० आले. तात्पुरती सोय म्हणून पश्चिमेच्या कोडाआधी ‘डब्ल्यू’ आणि पूर्वेच्या कोडाआधी ‘ओ’ लावू लागले. अखेर १ जुलै १९९३ पासून साऱ्या देशाला नवे पाच आकडी कोड मिळाले. म्हणून जर्मनीतल्या फलकावर चार आकड्यांआधी ‘ओ’ दिसला, की तो या मोजक्या वर्षांतला समजावा. आमच्या व्हॅनवर अक्षर नव्हते. काकांच्या प्रवासाच्या काळाशी ते जुळत होते, पण चार गावांपैकी कुठले, ते त्यातून कळेना.

मग मी मावशीकडून मूळ निगेटिव्हची पट्टी मागवली. व्हॅनच्या चित्राला लागूनच पुढचे चित्र होते रस्त्यावरच्या टेलिफोन बूथचे, आणि कोपऱ्यात तीच व्हॅन. म्हणजे गाव तेच. बूथच्या काचेवर एक छोटी पट्टी होती. भिंगाखाली तीवर तीन आकडे वाचता आले: ११०, ११२ आणि ११५.

हे आणीबाणीचे क्रमांक. पिन कोड गावोगावी बदलतो, हे मात्र साऱ्या देशाला सारखे असतात आणि शेजारी देशाचे बहुधा वेगळे. ऑस्ट्रियात अग्निशामक दलाला १२२, पोलिसांना १३३, रुग्णवाहिकेला १४४. म्हणजे हालवांग बाद. स्वित्झर्लंडमध्ये पोलीस ११७, आग ११८ आणि रुग्णवाहिका १४४. तुर्गीही बाद. पश्चिम जर्मनीत पोलिसांना ११० आणि आगीला ११२, आणि तेच दोन्ही पूर्वेतही. फरक होता तो तिसऱ्या क्रमांकाचा. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी ११५ हा पूर्व जर्मनीचा क्रमांक. म्हणजे काका बॉनमध्ये नव्हते. ते वायमारमध्ये होते.

इथे एक खबरदारी सांगायला हवी. हेच ११५ इटलीत अग्निशामक दलाचे आहे. आणि आजच्या जर्मनीतही ११५ आहे, पण तो सरकारी कचेऱ्यांची माहिती विचारण्याचा क्रमांक. अपघात झाल्यावर तो फिरवून उपयोग नाही. तेव्हा आकडा एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी काय लिहिले आहे आणि फलक कुठल्या काळातला आहे, हे सोबत पाहावे. ११२ चेही तसेच. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये तो सामाईक क्रमांक ठरवला आणि २०१९ पासून आपल्याकडेही तो सुरू झाला. त्यामुळे नव्या फलकावरच्या नुसत्या ११२ वरून देश ओळखता येत नाही.

मावसभाऊ म्हणाला, ‘त्या काळी फलकावर वेबसाइट असती, तर क्षणात कळले असते.’ निम्मे खरे. आज त्या भागात `.de` म्हणजे जर्मनी, `.at` म्हणजे ऑस्ट्रिया आणि `.ch` म्हणजे स्वित्झर्लंड. हे शेवटचे पाहून अनेक जण चीन समजतात, पण चीनचे `.cn`. `.ch` ही अक्षरे स्वित्झर्लंडच्या लॅटिन नावाची आहेत. पूर्व जर्मनीसाठी `dd` ही अक्षरे यादीत होती, पण त्यांचा वेबपत्ता कधी सुरूच झाला नाही. त्याआधीच देश संपला. शिवाय पत्त्याचा शेवट नेहमी देशाशी इमान राखतोच असे नाही. `.tv` हे तुवालू या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशाचे, पण ते वापरतात जगभरच्या दूरचित्रवाहिन्या.

बॉनची तिकिटे काढायची राहिली आणि मायलेक वायमारला गेले. टेलिफोन बूथ नव्हता. बेकरीचा पत्ताही लागला नाही, पण फोटोतल्या दगडी कमानीवरून रस्ता सापडला. तिथल्या एका दुकानाच्या पाटीवर आता ९९४२३ होते आणि खाली `.de` ने संपणारा पत्ता. मावशीने फोटो हातात धरून कमानीशी उंची जुळवून पाहिली आणि म्हणाली, ‘हे इथे उभे होते तर.’ मग ती तिथेच, त्यांच्या जागी, टेकून उभी राहिली. मावसभावाने फोटो काढला. या वेळी पाटीवरचे गावाचे नाव झाकले जाणार नाही, एवढे त्याने पाहिले.